गुलामाच्या मुक्तीचा मजकूर वाचायचा कसा? अभिजात इस्लामी कायद्यातील वाटा, नवख्या अभ्यासकासाठी टप्प्याटप्प्याने

दख्खनच्या किंवा मोगल काळाच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला की ‘अमक्याने आपल्या गुलामाला मुक्त केले’ असे वाक्य कुठे ना कुठे समोर येतेच. नवखा वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातो, कारण त्यात समजण्याजोगे आणखी काही आहे असे त्याला वाटत नाही. प्रत्यक्षात मुक्तीच्या किमान पाच वाटा अभिजात इस्लामी कायद्याने मानल्या होत्या आणि प्रत्येक वाटेत माणूस नेमक्या कोणत्या क्षणी स्वतंत्र होतो हे वेगळे ठरत असे. तो क्षण कळला नाही, तर त्या माणसाची मुले स्वतंत्र की गुलाम, त्याची कमाई कोणाची आणि त्याच्या मृत्यूनंतर वारस कोण, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून या लेखातील सगळे टप्पे त्या क्षणाच्या शोधाभोवती मांडले आहेत. विवेचन मुख्यतः हनफी या सुन्नी कायदेपंथाच्या नियमांनुसार आहे, कारण उत्तर हिंदुस्थानातील आणि मोगल दरबारातील न्यायव्यवहार त्याच पंथावर चालत होता. इतर पंथांचा मतभेद जिथे निकालच बदलतो, तिथेच तो दिला आहे.

हाताशी काय असावे

- बुऱ्हानुद्दीन मरघीनानी (मृत्यू ११९७) यांचा ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा ग्रंथ. अरबी येत नसेल तर चार्ल्स हॅमिल्टन यांचा १७९१ चा इंग्रजी अनुवाद चालेल. मात्र तो मूळ अरबीवरून नव्हे, तर फारसी भाषांतरावरून झालेला आहे आणि त्यात फारसी अनुवादकांचे स्पष्टीकरण मूळ मजकुरात मिसळलेले आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा.
- औरंगजेबाच्या आज्ञेने संकलित झालेला हनफी कायद्याचा संग्रह ‘फतावा-ए-आलमगिरी’.
- कुराणाचा विश्वासार्ह मराठी अनुवाद. सुरा ४, ५, ९, २४ आणि ५८ यांतील मोजक्या आयतींची गरज पडेल.
- हिजरी सन इसवी सनात बदलण्याचे कोष्टक.

‘हिदाया’मध्ये हा विषय एका ठिकाणी सापडत नाही. मुक्तीचे प्रकरण तलाकच्या लगेच पुढे येते. कराराने होणारी मुक्ती आणि मुक्ताशी राहणारे नाते ही दोन प्रकरणे बरीच पुढे, भाडेकरारांच्या नंतर आहेत. प्रायश्चित्तासाठी गुलाम मुक्त करण्याचे नियम तर तलाक आणि शपथा यांच्या पोटात दडलेले आहेत. केवळ पहिले प्रकरण वाचून निष्कर्ष काढणाऱ्याच्या हातून निम्मा कायदा सुटतो.

१. आधी व्यक्ती कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा

गुलाम आणि स्वतंत्र या दोन टोकांच्या मध्ये कायद्याने काही अवस्था मानल्या होत्या. मालकाने ‘माझ्या मृत्यूनंतर तू मुक्त’ असे सांगितलेला तो मुदब्बर. ठरलेली रक्कम फेडून मुक्त होण्याचा करार ज्याच्याशी झाला तो मुकातब. मालकापासून झालेले मूल मालकाने आपले म्हणून मान्य केले, तर त्या मुलाची आई उम्म-वलद. या तिघांनाही हनफी मताप्रमाणे बाजारात विकता येत नाही. म्हणजे मुक्ती मिळण्यापूर्वीच त्यांच्या पदरात काहीतरी पडलेले असते. ज्याच्या बाबतीत असे काहीच घडलेले नाही, तो साधा गुलाम.

दस्तऐवजात नावापुढे यांपैकी एखादा शब्द आला असेल तर तो विशेषण समजून सोडून देऊ नये. तीच त्या व्यक्तीची कायदेशीर ओळख असते. उम्म-वलद मालकाच्या मृत्यूबरोबर मुक्त होते आणि मालकाचे कर्ज कितीही असले तरी सावकाराला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मुदब्बराचे तसे नसते. त्याचा हिशेब तिसऱ्या टप्प्यात येईल.

२. मुक्ती शब्दाने झाली का ते तपासा

सर्वांत सोपी वाट म्हणजे मालकाने ‘तू स्वतंत्र आहेस’ असे स्पष्ट म्हणणे. असे स्पष्ट शब्द उच्चारले की मालकाच्या मनात काय होते हे विचारले जात नाही. थट्टेत, नशेत किंवा कोणाच्या धाकाखाली ते उच्चारले असले, तरी हनफी मताने मुक्ती होते आणि ती मागे घेता येत नाही. ‘माझा तुझ्यावर ताबा नाही’ अशा मोघम शब्दांसाठी मात्र हेतू सिद्ध व्हावा लागतो. लेखी कागदाची अट नव्हती. कागद हा पुराव्यासाठी असे, त्यामुळे कागद सापडला नाही एवढ्यावरून मुक्ती झाली नव्हती असे म्हणता येत नाही.

येथेच नात्यामुळे आपोआप होणारी मुक्तीही येते. ज्याच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे असा रक्ताचा नातलग कोणी विकत घेतला, तर खरेदी पूर्ण होताच तो नातलग मुक्त होतो. भावाला सोडवण्यासाठी त्याला विकत घेणाऱ्या बहिणीला वेगळी घोषणा करावी लागत नाही. शाफई पंथ हे आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले-नातवंडे यांच्यापुरतेच मानतो, भावंडांसाठी मानत नाही. म्हणून अशी नोंद वाचताना तिथला काजी कोणत्या पंथाचा होता हे पाहावे लागते.

३. मृत्यूशी बांधलेली मुक्ती असेल तर हिशेब करा

मुदब्बर मालकाच्या मृत्यूने मुक्त होतो हे खरे, पण ही मुक्ती मृत्युपत्रातील देणगीसारखी धरली जाते आणि देणगीला कर्ज फेडून उरलेल्या संपत्तीच्या एक तृतीयांशाची मर्यादा असते. समजा, गुलामाची किंमत ६०० दिरहम आहे आणि मालकाची इतर संपत्तीही ६०० दिरहम आहे. एकूण १२०० चा तिसरा हिस्सा ४००. म्हणजे ६०० पैकी ४०० इतका भाग देणगीत बसतो आणि उरलेल्या २०० दिरहमांसाठी त्याला काम करून ती रक्कम वारसांना द्यावी लागते. मालकावर ९०० दिरहमांचे कर्ज असेल तर चित्र पार बदलते. उरतात ३००, त्यांचा तिसरा हिस्सा १००, आणि गुलामाच्या माथी ५०० दिरहमांची कमाई येते. त्यांतले ३०० सावकारांकडे आणि २०० वारसांकडे जातात.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्यादा ओलांडली म्हणून हनफी कायदा गुलामाला पुन्हा विक्रीला काढत नाही, त्याला कमावून फेडायला लावतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि प्रसंगांच्या परंपरागत नोंदींत, याच्या उलट जाणारा एक प्रसंग आहे. एका माणसाने मृत्यूच्या वेळी आपले सहा गुलाम मुक्त केले आणि त्याच्याकडे दुसरी संपत्ती नव्हती. पैगंबरांनी चिठ्ठ्या टाकून दोघांना मुक्त केले आणि चौघांना गुलामीत ठेवले. इतर पंथ हाच निर्णय प्रमाण मानतात. हनफी मात्र सहाही जणांचा एक तृतीयांश भाग मुक्त धरून प्रत्येकाला उरलेल्या दोन तृतीयांशाची कमाई करायला सांगतात. दोघांना सगळे आणि चौघांना काहीच नाही, यापेक्षा हा तोडगा मला अधिक न्याय्य वाटतो. अर्थात ज्याला आयुष्यभर राबून दोन तृतीयांश फेडायचे होते, त्याचे मत विचारायला कोणी गेले नव्हते.

४. कराराची वाट नीट वाचा, कारण सर्वाधिक घोटाळा इथेच होतो

कुराणाच्या २४ व्या सुऱ्यातील ३३ वी आयत सांगते की, तुमच्या ताब्यातील जे लोक मुक्तीचा करार मागतील त्यांच्यात तुम्हाला चांगुलपणा दिसत असेल तर त्यांच्याशी करार करा आणि अल्लाहने तुम्हाला दिलेल्या धनातून त्यांना द्या. हे आज्ञार्थी वाक्य मालकावर बंधनकारक आहे का, यावर मोठा वाद झाला. बहुतेक पंथांनी ते पुण्यकारक मानले, बंधनकारक नाही. शब्दशः अर्थ धरणाऱ्या जाहिरी पंथाने मात्र ते बंधनकारक ठरवले. खलिफा उमर यांच्या काळची एक आठवण या वादात नेहमी पुढे येते. पैगंबरांचे सहकारी अनस बिन मालिक यांच्याकडे सीरीन नावाचा पैसेवाला गुलाम होता. त्याने करार मागितला, अनस यांनी नकार दिला, तेव्हा उमर यांनी ही आयत म्हणत अनस यांना चाबकाने मारले आणि करार झाला. स्वप्नांच्या अर्थासाठी प्रसिद्ध असलेले मुहम्मद इब्न सीरीन हे याच सीरीनचे पुत्र.

करार झाला की मुकातबाच्या हाताला मोकळीक मिळते. तो व्यापार करतो, प्रवास करतो आणि त्याची कमाई त्याच्याच हातात राहते. पण तो स्वतंत्र झालेला नसतो. ‘एक दिरहम बाकी असेपर्यंत मुकातब गुलामच’ असे हदीसचे वचन आहे आणि चारही सुन्नी पंथ त्यालाच धरून चालतात. त्यामुळे त्याला मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नाही आणि आपले धन दान देता येत नाही. हप्ता थकला तर काजी आधी चौकशी करतो. कुठून पैसे येण्याची शक्यता असेल तर तीन दिवसांपर्यंत थांबतो. शक्यता नसेल तर करार मोडतो आणि माणूस पुन्हा साधा गुलाम होतो. हनफी पंथाचे प्रणेते अबू हनीफा यांचे शिष्य अबू युसूफ यांनी यात सवलत दिली आणि सलग दोन हप्ते थकल्याशिवाय करार मोडू नये असे म्हटले. करार मोडल्यावर आधी भरलेली रक्कम परत मिळत नाही.

बरीरेचे प्रकरण येथे तपशिलाने पाहावे, कारण जवळपास सगळे नियम त्यातूनच काढलेले आहेत. बरीरेने आपल्या मालकांशी नऊ उकिय्यांचा करार केला होता, दरवर्षी एक उकिय्या. एक उकिय्या म्हणजे ४० दिरहम, म्हणजे एकूण ३६० दिरहम, नऊ वर्षांत. ती मदत मागायला पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडे आली. आयेशा म्हणाल्या, ‘तुझ्या मालकांची तयारी असेल तर सगळी रक्कम मी एकदम देते, पण तुझा वला माझ्याकडे राहील.’ वला म्हणजे मुक्त करणारा आणि मुक्त झालेला यांच्यातील कायदेशीर नाते, ज्यातून पुढे वारसाहक्क निर्माण होतो. मालकांनी पैसे घ्यायला होकार दिला आणि वला सोडायला नकार दिला. तेव्हा पैगंबरांनी आयेशा यांना तिला विकत घेऊन मुक्त करायला सांगितले आणि जाहीर केले की वला मुक्त करणाऱ्याचाच असतो, त्याविरुद्ध शंभर अटी घातल्या तरी त्या रद्दच समजाव्यात.

येथे चाणाक्ष वाचकाने एक प्रश्न विचारायला हवा. मुकातबाला विकता येत नाही, मग बरीरेला विकत कसे घेतले? हनफींचे उत्तर असे की, विक्री तिच्या संमतीने झाली आणि संमती देताच तिचा करार संपला. त्यामुळे तिची मुक्ती नऊ वर्षांच्या हप्त्यांनी झाली नाही, आयेशा यांच्या घोषणेने झाली आणि ती त्या घोषणेच्या क्षणी झाली. हंबली पंथ मुकातबाची विक्री मुळातच मान्य करतो, म्हणून त्याला हे स्पष्टीकरण लागत नाही.

बरीरेला दानात मिळालेले मांस आयेशा यांच्या घरी आले, तेव्हा पैगंबर म्हणाले की, ते तिच्यासाठी दान होते, आपल्यासाठी भेट आहे. हे वाक्य वरवर घरगुती वाटते, पण ‘हिदाया’ त्याचा उपयोग अगदी अनपेक्षित जागी करतो. नवव्या सुऱ्याची साठावी आयत जकातीचा, म्हणजे सक्तीच्या धर्मदानाचा, एक वाटा ‘मान मोकळी करण्यासाठी’, म्हणजे गुलामांच्या मुक्तीसाठी, राखते आणि हनफी मताने तो मुकातबाला देता येतो. समजा, त्याने जकातीतून मिळालेले पैसे हप्त्यात भरले आणि शेवटी करार मोडला, तर श्रीमंत मालकाने जकातीचे पैसे ठेवावेत का? उत्तर बरीरेच्या मांसावरून दिले आहे. पैसा हातातून हातात गेला की त्याचे स्वरूप बदलते, म्हणून तो मालकाला वैध आहे. गुलामाच्या बाजूने उभा केलेला निधी अशा रीतीने मालकाच्या खिशात जाऊ शकत होता. या विषयावर लिहिणारे प्रोत्साहनाच्या आयती उद्धृत करतात आणि हा नियम सहसा वगळतात.

मुकातब हप्ते संपण्यापूर्वी मेला तर काय, हेही पाहावे. शाफई मताने करार तिथेच संपतो, तो गुलाम म्हणून मेला आणि त्याची सगळी कमाई मालकाची. हनफी मताने त्याने पुरेसे धन मागे ठेवले असेल तर त्यातून बाकी फेडली जाते, तो आयुष्याच्या शेवटच्या क्षणी मुक्त झाला असे धरले जाते आणि उरलेले त्याच्या वारसांना मिळते. एकाच मृत्यूचे दोन पंथांत असे दोन निकाल लागतात.

५. प्रायश्चित्ताची नोंद असेल तर गुलाम ‘पात्र’ होता का ते पाहा

चुकून झालेला मनुष्यवध, पत्नीला आईसमान म्हणून दूर करणे (जिहार) आणि मोडलेली शपथ यांच्या प्रायश्चित्तात गुलाम मुक्त करणे येते. पहिल्या दोहोंत तेच आधी करायचे असते. शपथेच्या बाबतीत दहा गरिबांना जेवण किंवा वस्त्र देण्याचा पर्यायही बरोबरीने आहे. येथे कायदा मालकाची चलाखी ओळखून आहे. अंध किंवा दोन्ही हात गमावलेला गुलाम मुक्त केल्यास प्रायश्चित्त पूर्ण होत नाही. एका डोळ्याने अधू असलेला चालतो. मुदब्बर आणि उम्म-वलद चालत नाहीत, कारण त्यांची मुक्ती आधीच देणे आहे. काही हप्ते भरलेला मुकातबही चालत नाही. जे द्यायचेच होते ते दुसऱ्या खात्यात दाखवता येत नाही.

६. मुक्त झाल्यावरचा दर्जा तपासा

मुक्त झालेला माणूस कायद्याने पूर्ण स्वतंत्र असतो. तो मालमत्ता बाळगतो, साक्ष देतो, लग्न करतो, आणि ही मुक्ती परत घेता येत नाही. बरीरेचा पती मुगीस तेव्हा गुलाम होता. मुक्त होताच तिला विवाहात राहायचे की नाही याची निवड मिळाली आणि मुगीस तिच्यामागे रडत फिरत असताना आणि खुद्द पैगंबरांनी रदबदली केली असतानाही तिने वेगळे होणे निवडले. ही केवळ शिफारस आहे का, असे तिने आधी विचारून घेतले होते.

तरीही दोन ठिकाणी जुना दर्जा मागे लागतो. एक म्हणजे विवाहातील बरोबरी. हनफी कायद्याने मुक्त झालेल्या पुरुषाला जन्मतः स्वतंत्र कुटुंबातील स्त्रीच्या तोडीचा मानले नाही, त्यामुळे तिचे पालक अशा विवाहाला हरकत घेऊ शकत. दुसरे म्हणजे वला. मुक्ताला रक्ताच्या नात्याने उरलेली संपत्ती घेणारा वारस नसेल, तर ती मुक्त करणाऱ्याकडे जाते. पैगंबरांचे चुलते हमजा यांच्या कन्येने मुक्त केलेला माणूस एक मुलगी मागे ठेवून वारला, तेव्हा पैगंबरांनी निम्मी संपत्ती मुलीला आणि निम्मी हमजांच्या कन्येला दिली. मुलगा असता तर हमजांच्या कन्येला काहीच मिळाले नसते. हे नाते एकाच दिशेने चालते. मुक्त करणारा मेला तर मुक्ताला वारसा मिळत नाही.

कमाईचा प्रश्न सर्वाधिक फसवणारा आहे. मुक्तीच्या क्षणी गुलामाजवळ जे काही असेल ते हनफी मताने मालकाचे. मालिकी मताने मालकाने वेगळे राखून ठेवले नसेल तर ते मुक्ताबरोबर जाते.

७. मुलांचा हिशेब आईवरून करा

मूल आईच्या अवस्थेत जन्मते. स्वतंत्र पुरुषाचे परक्या दासीशी लग्न झाले तर मूल दासीच्या मालकाचे. मुदब्बर स्त्रीचे मूल मुदब्बर. अपवाद मालकाच्या स्वतःच्या मान्य केलेल्या मुलाचा, तो जन्मतःच स्वतंत्र. म्हणून आईच्या मुक्तीची तारीख आणि मुलाच्या जन्माची तारीख शेजारी लिहून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हिजरी-इसवी कोष्टक लागते ते इथे.

८. आता एका ओळखीच्या वाक्यावर हे वापरून पाहा

मलिक अंबर हा अनेक हातांतून विकला गेलेला हबशी. अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले आणि चंगेजखान १५७५ च्या सुमारास वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले, असे सांगितले जाते. या वाक्याला वरचे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न पंथाचा. निजामशाहीने सोळाव्या शतकात शिया पंथ स्वीकारला होता, म्हणून ‘हिदाया’ तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. इमामी शिया कायद्यात वला केवळ स्वेच्छेने केलेल्या मुक्तीतून निर्माण होतो, प्रायश्चित्ताच्या मुक्तीतून नाही. दुसरा प्रश्न वाटेचा. चंगेजखानाने हयातीतच ‘माझ्यानंतर तू मुक्त’ असे म्हटले असेल, तर विधवेने केवळ त्या शब्दाची अंमलबजावणी केली आणि वलाचे नाते चंगेजखानाशी राहिले. तसे नसेल तर अंबर वारशात आला होता. मग तिसरा प्रश्न असा की, तो विधवेच्या वाट्याला पूर्ण आला होता का? मुले असल्यास विधवेचा हिस्सा एक अष्टमांश, नसल्यास एक चतुर्थांश. वाटणी होण्यापूर्वी तिने मुक्त केले असेल, तर अबू हनीफांच्या मताने तेवढाच भाग मुक्त होतो. मग इतर वारस आपला भाग मुक्त करतात, किंवा अंबरला त्या भागाची किंमत कमावून द्यायला लावतात, किंवा विधवा संपन्न असल्यास तिच्याकडून भरपाई मागतात. अबू हनीफांचेच दोन शिष्य म्हणतात की, माणूस तुकड्यांनी मुक्त होत नाही, तो त्याच क्षणी पूर्ण मुक्त झाला, आणि उरलेला वाद फक्त पैशाचा. अंबरला फत्तेखान हा मुलगा होता, त्यामुळे वलाच्या नात्याने वारसा मागण्याची वेळ कोणावर आली नसती.